भूप्रदेश-अवधान इशारा प्रणाली

विमान पूर्ण नियंत्रणात असताना, त्यात कोणताही बिघाड नसताना, ते डोंगरावर, जमिनीवर किंवा पाण्यावर जाऊन आदळण्याचा धोका असेल तर वैमानिकाला वेळेआधी सावध करणारी विमानातील यंत्रणा. वैमानिकांच्या बोलण्यात तिला ‘टॉज’ म्हणतात. ‘ईजीपीडब्ल्यूएस’ हे नावही त्याच अर्थाने वापरलेले आढळते. परंतु ते मुळात एका उत्पादकाच्या उपकरणाचे नाव असून टॉज ही नियमावलीतील सर्वसाधारण संज्ञा आहे. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने या प्रणालीच्या पुढचे पाहण्याच्या कार्याविषयी आहे.

उगम : या प्रणालीची पूर्वज म्हणजे भूसान्निध्य इशारा यंत्रणा. ती साधारणपणे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अभियंते डॉन बेटमन यांनी विकसित केली. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातील एका टेकडीवर प्रवासी विमान आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील मोठ्या प्रवासी विमानांवर ही यंत्रणा सक्तीची झाली. तिचा डोळा म्हणजे रेडिओ उंचीमापक. तो विमानाच्या पोटाखालून रेडिओलहरी सोडतो आणि त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून खालच्या जमिनीचे अंतर काढतो. हे अंतर फार वेगाने घटू लागले की इशारा होतो. जमीन हळूहळू चढत गेली तर ही युक्ती चांगली चालते. समोर सरळ कडा असेल, तर तो जवळजवळ पोटाखाली येईपर्यंत उंचीमापकाला त्याचा पत्ता लागत नाही.

२० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ हेच घडले. बोइंग ७५७ विमान चुकीच्या दिशेने वळून डोंगराळ भागात उतरत होते. इशारा वाजला तेव्हा आदळण्यास सुमारे १२ सेकंद उरले होते. वैमानिकांनी नाक वर उचलले, पण वेग कमी करण्यासाठी पंखांवर उघडलेले रोधक फलक तसेच राहिले. विमानातील १६३ पैकी १५९ जण दगावले.

साठवलेल्या नकाशावरून पुढचे ताडणारी प्रणाली नागरी विमानांत १९९६ च्या सुमारास आली. तिचे मूळ काही लेखक लष्करी तंत्रात, विशेषतः क्षेपणास्त्रांच्या भूरूप-जुळणी मार्गदर्शनात, शोधतात. दोन्हींत जमिनीचा अंकीय नकाशा असतो, हे साम्य खरे आहे. मात्र क्षेपणास्त्र खालची जमीन मोजून ‘मी कोठे आहे’ हे शोधते, तर टॉज आपले स्थान उपग्रहीय दिशादर्शनातून ठाऊक धरून ‘पुढे काय आहे’ हे विचारते. प्रश्नच उलटा असल्याने थेट वंशसंबंध मानण्यापेक्षा दोन्ही तंत्रे एकाच साधनावर स्वतंत्रपणे वाढली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खरी अडचण गणिताची नव्हतीच, नकाशाची होती. जगातील मोठ्या भूभागाच्या उंचीची तपशीलवार माहिती शीतयुद्धकाळात गोपनीय होती. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तेथील नकाशे विकत मिळू लागले, तेव्हा ही उणीव बरीच भरून निघाली.

कार्यपद्धती : पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीतील सर्वोच्च बिंदूची उंची साठवलेली असते. विमानतळांजवळ चौकटी लहान, म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर बाजूच्या असतात. दूरच्या भागात त्या मोठ्या चालतात. विमानाचे स्थान, उंची, जमिनीसापेक्ष वेग, मार्गाची दिशा आणि चढ-उताराचा कोन यांवरून संगणक विमानापुढे जिभेसारखा एक काल्पनिक पट्टा आखतो. विमान वळत असेल तर हा पट्टा वळणाच्या बाजूला रुंदावतो. पट्ट्याचा तळ विमानाच्या अपेक्षित मार्गापेक्षा ठरावीक अंतराने खाली असतो. अमेरिकी मानकानुसार सरळ पातळीवरील प्रवासी टप्प्यात हे अंतर ७०० फूट, तर धावपट्टीकडे येताना १५० फूट असते. नकाशातील एखादी चौकट या तळाच्या वर डोकावली की इशारा सुरू होतो. टक्कर सुमारे मिनिटभर दूर असताना सावधगिरीची सूचना आणि सुमारे अर्ध्या मिनिटावर ‘पुल अप’ हा निर्वाणीचा इशारा, असा सर्वसाधारण क्रम असतो.

अर्धा मिनिटच का, हे एका हिशेबाने कळते. समजा, विमान २४० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १२३ मीटर वेगाने सपाट उडत आहे. इशारा ऐकून हात हलेपर्यंत ३ सेकंद जातात. मग वैमानिक गुरुत्वाच्या पाव पट जादा भाराने नाक उचलतो आणि ६ अंशांच्या चढाला लागतो. त्यात सुमारे ५ सेकंद जातात आणि उंची जेमतेम ३५ मीटर वाढते. पुढे चढ सेकंदाला सुमारे १३ मीटर मिळतो. ३० सेकंद हाताशी असतील तर एकूण ३०० मीटरांहून थोडी अधिक उंची वाढते. १२ सेकंदच असतील तर ८५ मीटरही नाही. वेळ अडीच पट, पण उंची जवळजवळ चौपट. सुरुवातीचे आठ सेकंद दोन्हीकडे सारखेच वाया जातात, हे त्याचे कारण. प्रत्यक्षात वैमानिक याहून जोराने खेचतात. तरी प्रमाणाचा कल हाच राहतो.

९ मे २०१२ रोजी इंडोनेशियातील सालाक पर्वतावर सुखोई सुपरजेट आदळले, त्या प्रसंगात ही वेळ उपलब्ध होती. ढगांत उडणाऱ्या विमानाला आदळण्याच्या ३८ सेकंद आधी पहिला इशारा मिळाला आणि पाठोपाठ भूप्रदेश टाळण्याची सूचना सहा वेळा झाली. नकाशातच काही दोष असावा अशा समजुतीने मुख्य वैमानिकाने प्रणाली बंद केली. विमानातील सर्व ४५ जण मरण पावले. चौकशीतील अनुकरण-चाचण्यांनुसार पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत बचावाची कृती सुरू झाली असती तरी टक्कर टळू शकली असती.

मर्यादा : प्रणालीचा निर्णय स्थान, उंची आणि नकाशा या तिन्हींवर उभा असतो. हवादाबावर चालणारा उंचीमापक थंड हवेत खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, म्हणून नव्या संचांत उपग्रह आणि रेडिओ उंचीमापक यांच्या आधारे स्वतंत्र भौमितिक उंची काढतात. नकाशात नसलेल्या धावपट्टीवर उतरताना प्रणाली ते उतरणे धोका समजून ओरडते आणि वैमानिकांना तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागण्याचा संभव असतो.

धावपट्टीजवळ तर पट्टा मुद्दामच आक्रसवलेला असतो, नाहीतर प्रत्येक उतरण इशाऱ्यांनी भरून जाईल. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाकडे येणाऱ्या एका एअरबस ए-३२० च्या वैमानिकांना उंचीमापक जुळवण्यासाठी लागणारा हवादाब १००१ ऐवजी १०११ हेक्टोपास्कल असा सांगितला गेला. एका हेक्टोपास्कलच्या फरकाने सुमारे २८ फुटांची चूक होते; त्यामुळे विमान समजुतीपेक्षा जवळजवळ २८० फूट खाली होते. धावपट्टीच्या अलीकडे साधारण दीड किलोमीटरवर ते जमिनीपासून ६ फुटांपर्यंत आले आणि मगच वर उचलले गेले. चाके खाली होती, उतरण्याचा वेग नेहमीसारखा होता, धावपट्टी समोर होती. टॉजचा इशारा झाला नाही.