डोस तोच, पातळी वेगळी: कुत्र्यांच्या अपस्मारात फिटची वही आणि रक्ततपासणी कशी आली

कुत्र्याला अपस्मार असल्याचं निदान झालं की घरात फेनोबार्बिटोनची गोळी येते आणि डॉक्टर फिटची नोंद करायला एक वही ठेवायला सांगतात. पंधरा दिवसांनी रक्तातली औषधाची पातळी बघायची, तीन महिन्यांनी पुन्हा बघायची, मग दर सहा महिन्यांनी. डोस बदललेला नाही, कुत्र्याचं वजन तेच आहे, मग पुन्हा पुन्हा सुई का टोचायची, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या औषधाच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत सापडतं.

1912 साली बायर कंपनीने ल्युमिनल या नावाने फेनोबार्बिटोन बाजारात आणलं ते झोपेचं औषध म्हणून. त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने ते अपस्माराच्या रुग्णांना दिलं. रात्री वॉर्ड शांत राहावा एवढाच त्याचा हेतू होता, असं सांगतात. पण रुग्णांच्या फिटच कमी झाल्या, आणि दिवसाही कमी झाल्या, हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून हे औषध माणसांसाठी आणि पुढे कुत्र्यांसाठी वापरात आहे. आज आपल्याकडे कुत्र्यासाठी जी गोळी आणतो ती माणसांच्याच औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

माणसांची औषधं कुत्र्यांना द्यायची पद्धत पडली, पण ती प्रत्येक वेळी लागू पडली नाही. 1938 मध्ये आलेलं फेनिटॉइन माणसांसाठी मोठा आधार ठरलं, कुत्र्यांमध्ये मात्र ते फसलं. माणसाच्या रक्तातलं फेनिटॉइन निम्म्यावर यायला साधारण एक दिवस लागतो, कुत्र्यात ते चार तासांच्या आसपास निम्मं होतं. दिवसातून दोनदा गोळी दिली तरी मधले कित्येक तास कुत्रा जवळपास औषधाविनाच असतो. गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात टिकलं असं धरून चालत नाही, ते मोजावं लागतं, हा धडा इथून मिळाला.

मोजायची सोय मात्र उशिरा झाली. साठच्या दशकात कोपनहेगनमध्ये बुख्थाल आणि स्वेन्समार्क यांच्या गटाने फेनोबार्बिटोनची रक्तातली पातळी आणि त्याचा परिणाम यांचा संबंध तपासला. सत्तरच्या दशकात प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचण्या आल्या आणि थोड्याशा सीरमवर, थोड्या वेळात पातळी कळू लागली. मग पशुवैद्यांनाही ती परवडू लागली. अमेरिकेतल्या फार्नबाख यांनी 1984 मध्ये कुत्र्यांच्या रक्तातल्या पातळ्या आणि फिट आटोक्यात येणं यांचा मेळ घालून दाखवला.

आता तीन महिन्यांच्या प्रश्नाकडे येऊ. फेनोबार्बिटोन कुत्र्याच्या यकृताला स्वतःलाच मोडायला शिकवतं. रोज औषध मिळू लागलं की ते मोडणारी एन्झाइम्स यकृत जास्त बनवतं. रोज औषध दिलेल्या कुत्र्यांच्या एका अभ्यासात रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुरुवातीला जवळपास 90 तास लागत होते, 90 दिवसांनंतर तेच 50 तासांच्या आत आलं. म्हणजे तीच गोळी, त्याच वेळेला देऊनही तिसऱ्या महिन्यात रक्तात कमी औषध उरतं. चौदाव्या दिवसाची तपासणी डोस बसला का हे सांगते, तिसऱ्या महिन्याची यकृताने किती खाल्लं हे सांगते. या दोन्हींची कामं वेगळी आहेत. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरा टाळणं ही माझ्या मते या उपचारातली सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे.

यकृतावरचा हा ताण वेगळ्या अर्थानेही महत्त्वाचा आहे. 1991 मध्ये फेनोबार्बिटोनमुळे यकृत बिघडलेल्या कुत्र्यांची एक नोंदमालिका प्रसिद्ध झाली, आणि पातळी उंच ठेवण्याचा धोका पशुवैद्यांसमोर आला. 15 ते 40 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर हा जुना पट्टा अजूनही लॅबच्या छापील रिपोर्टवर असतो, पण पशुवैद्यकातल्या अपस्मार तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कृती गटाने 2015 मध्ये सुचवलेली पातळी बहुतेक कुत्र्यांसाठी 25 ते 30 आहे. 35 च्या वर गेलं की यकृताला धोका वाढतो. आपल्याकडे नमुना बहुधा माणसांच्या लॅबमध्ये जातो आणि 38 आलं तरी समोर ‘नॉर्मल’ असं छापून येतं. तो शेरा बाजूला ठेवून आकडा आपल्या डॉक्टरांनाच दाखवावा. उलट एएलपी नावाचं एन्झाइम वाढलेलं दिसलं म्हणून लगेच घाबरू नये. हे औषध चालू असलेल्या बहुतेक कुत्र्यांत ते वाढतंच. अल्ब्युमिन घसरणं आणि पित्ताम्ल वाढणं ही खरी धोक्याची खूण.

नमुना घेतानाही एक चूक वारंवार होते. पिवळ्या झाकणाच्या जेल असलेल्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं तर जेल काही औषध शोषून घेतं आणि पातळी खोटी कमी दिसते. मग गरज नसताना डोस वाढतो. साधी लाल झाकणाची ट्यूब मागून घ्यावी. गोळीआधी की गोळीनंतर, हा वाद मात्र फार ताणू नये. बहुतेक कुत्र्यांत दिवसभरात पातळी फारशी हलत नाही. दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त दिलं की पुरे.

वहीचा इतिहास याहून अलीकडचा आहे आणि मला तो जास्त बोलका वाटतो. 2010 मध्ये मुन्याना आणि सहकाऱ्यांनी आधीच्या औषध-चाचण्यांमधली अशी कुत्री निवडून तपासली, ज्यांना औषधाच्या जागी परिणामशून्य गोळी दिली होती. 28 पैकी 22 कुत्र्यांच्या फिट कमी झाल्या होत्या, आणि आठांच्या तर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आल्या होत्या. कुत्र्याला गोळीवर विश्वास ठेवता येत नाही, मग हे झालं कसं? एक मोठं कारण असं की फिट लाटेसारख्या येतात, आणि आपण कुत्र्याला डॉक्टरांकडे नेतो ते लाट सगळ्यात उंच असताना. पुढचा महिना औषध न देताही बरा गेला असता. म्हणून औषध सुरू होण्याआधीची नोंद नसेल तर औषधाने गुण आला की लाट ओसरली, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या कृती गटाने यशाची व्याख्याही काटेकोर केली: औषधाआधी दोन फिटमधलं जे सगळ्यात मोठं अंतर होतं, त्याच्या तिप्पट काळ आणि किमान तीन महिने फिट न येणं, तरच फिट थांबल्या म्हणायचं.

एक उदाहरण धरू. 20 किलोचा लॅब्राडोर, वय तीन. वहीत जानेवारीत दोन फिट, फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये एकाच दिवशी तीन. चोवीस तासांत दोन किंवा जास्त फिट म्हणजे झुंड, आणि ती आली की औषध लांबवत नाहीत. किलोला 3 मिलिग्रॅमप्रमाणे 60 मिलिग्रॅमची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला सुरू झाली. पहिले दोन आठवडे कुत्रा लटपटला, पाणी आणि खाणं दोन्ही वाढलं. वहीत तेही लिहिलं. चौदाव्या दिवशी पातळी 24. दहा आठवडे शांततेत गेले. अकराव्या आठवड्यात पहाटे पाच वाजता एक फिट आली, घड्याळ लावून 70 सेकंदांची. वहीत एकही गोळी चुकलेली नव्हती, उलटी नव्हती, वजनही तेच होतं. रक्त तपासलं तर पातळी 17.

इथे वही आणि आकडा एकत्र वाचायचे असतात. गोळी चुकली नाही, म्हणजे पातळी घसरली ती यकृतामुळे. हिशेब साधा आहे: हवी असलेली पातळी भागिले आलेली पातळी, गुणिले दिवसाचा एकूण डोस. 25 भागिले 17, गुणिले 120, म्हणजे सुमारे 176. डॉक्टरांनी डोस 90 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा केला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी ठेवली. हीच फिट पातळी 32 असताना आली असती तर डोस न वाढवता दुसरं औषध जोडायचा विचार झाला असता. आणि पातळी 17 असूनही वहीत सहा महिने कोरे असते तर काहीच न बदलणं योग्य ठरलं असतं. नुसत्या रिपोर्टवरून या तिन्ही निर्णयांपर्यंत पोचता येत नाही. हा हिशेब समजून घ्यायचा तो डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. डोस घरी बदलू नये आणि गोळी अचानक तर कधीच बंद करू नये, कारण औषध एकदम तुटल्यानेच जोरदार फिट येतात. पाच मिनिटांहून लांब फिट ही तातडीची वेळ आहे. घड्याळ बघायचं ते यासाठीही, कारण बघणाऱ्याला एक मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं.

दुसरं जोडायचं औषध बरेचदा पोटॅशियम ब्रोमाइड असतं. ते फेनोबार्बिटोनपेक्षाही जुनं. 1857 मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारात त्याचा उपयोग सांगितला होता. माणसांत ते मागे पडलं, पण कुत्र्यांमध्ये 1980 च्या दशकात परतलं, कारण ते यकृतातून जातच नाही. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि तिथे मिठातल्या क्लोराइडशी त्याची स्पर्धा असते. खाण्यात मीठ वाढलं की ब्रोमाइड झपाट्याने बाहेर जातं. 1995 च्या एका अभ्यासात आहारातलं क्लोराइड 0.2 टक्क्यांवरून 1.3 टक्क्यांवर नेल्यावर ब्रोमाइड निम्मं व्हायचा काळ 69 दिवसांवरून 24 दिवसांवर आला.

कोकणात हे फार सहज घडतं. पावसाळ्यात ओली मासळी बंद झाली की घरात सुके बोंबील आणि खारवलेली सुरमई येते, आणि ताटातलं उरलंसुरलं कुत्र्याच्या वाटीत जातं. महिना-दीड महिन्याने फिट वाढतात, गोळ्या मात्र वेळेवर चालू असतात. वहीत खाण्याची नोंद असेल तर कारण एका नजरेत सापडतं. सुकी मासळी एकदम तोडली तर ब्रोमाइड साठत जाऊन कुत्रा गुंगतो, मागचे पाय ओढतो, म्हणून खाण्यातला बदलही डॉक्टरांना सांगूनच करावा. ब्रोमाइडची पातळी स्थिर व्हायला तीन-चार महिने लागतात, त्यामुळे आज केलेल्या बदलाचा हिशेब पुढच्या ऋतूत लागतो.

वहीच्या पहिल्या पानावर ‘ब्रोमाइड चालू’ असं ठळक लिहून ठेवावं. लॅबची यंत्रं ब्रोमाइडलाच क्लोराइड समजतात, आणि रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरला रिपोर्टवर क्लोराइड भयंकर वाढलेलं दिसतं. ती ओळ वाचली की तो त्या आकड्याच्या मागे लागत नाही, थेट फिटकडे वळतो.