एनपीएच: १५ मिली पाण्यातून सापडलेला आजार

नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, थोडक्यात एनपीएच, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या आतल्या पाण्याने फुगण्याचा आजार. या नावातला "नॉर्मल" शब्द कुठून आला ते कळलं की अर्धा आजार कळतो, म्हणून तिथूनच सुरू करते.

१९५७ साल, कोलंबियातलं बोगोटा शहर. सालोमोन हाकिम नावाच्या न्यूरोसर्जनकडे १६ वर्षांचा एक मुलगा होता, अपघातात डोक्याला जबर मार बसलेला. आत साठलेलं रक्त काढलं होतं तरी पोरगा शुद्धीवर असल्यासारखा नव्हताच, बोलणं बंद. तेव्हा सीटी स्कॅन नव्हतं, मेंदूतल्या पोकळ्या बघायच्या तर आत हवा भरून एक्सरे काढायचे. त्यात दिसलं की पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल्स, चांगल्याच फुगल्यात. आता पोकळ्या फुगल्या म्हणजे त्यातल्या पाण्याचं प्रेशर वाढलेलं असणार असंच कोणालाही वाटेल, पण हेच पाणी मणक्यातही असतं, आणि पाठीतून सुई घालून त्याचं प्रेशर मोजलं तर आलं १५० मिलीमीटर, अगदी नॉर्मल. हाकिमनी तपासणीसाठी म्हणून १५ मिली पाणी काढून घेतलं, उपचार म्हणून नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा बोलायला लागला!

पुढे तो परत मंदावला, परत पाणी काढलं, परत सुधारला. मग त्यांनी शंट बसवला, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी नळीने हृदयाकडे वळवलं, आणि मुलगा पुढे शाळेतसुद्धा जायला लागला. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की रिपोर्ट "नॉर्मल" आला म्हणून त्यांनी फाईल बंद केली नाही.

१९६४ मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला आणि १९६५ मध्ये बॉस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स वगैरे डॉक्टरांबरोबर पेपर आला, त्याच्या शीर्षकातच "उपचार होऊ शकतो" असं म्हटलेलं होतं. तोपर्यंत म्हातारपणी विसरायला लागलं की विषय संपला असंच धरलं जायचं, त्यामुळे तो शब्द फार महत्त्वाचा होता.

या पेपरनंतर तीन लक्षणांचं त्रिकूट पक्कं झालं: चाल, लघवी आणि स्मरणशक्ती. बहुतेक वेळा सुरुवात चालीपासून होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, छोटी छोटी फरफटती पावलं, दोन पायात अंतर ठेवून चालणं, आणि वळायचं म्हटलं की जागच्या जागी सात-आठ पावलं. मग लघवीची घाई, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंतही दम निघत नाही. मग विसराळूपणा, पण त्याहून जास्त मंदपणा, म्हणजे प्रश्न विचारला तर उत्तर येतं पण उशिरा येतं, आणि कशातच मन लागत नाही. हे तिन्ही एकत्र का, तर पायांकडे आणि लघवीच्या ताब्याकडे जाणारे मेंदूचे धागे या पोकळ्यांच्या भिंतीजवळून जातात, पोकळी फुगली की ते ताणले जातात. पण ताणलेले धागे म्हणजे मेलेल्या पेशी नव्हेत. अल्झायमरमध्ये पेशी मरतात, इथे निदान सुरुवातीला तरी त्या दबलेल्या असतात, आणि म्हणूनच हा आजार सुधारू शकतो.

गंमत अशी की आजची टॅप टेस्ट म्हणजे हाकिमचाच तो योगायोग, मुद्दाम केलेला. आधी पेशंटला १० मीटर चालवतात, वेळ आणि पावलं मोजतात, मग कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि काही तासांनी परत चालवतात. समजा आधी २० सेकंद आणि ३२ पावलं लागत होती आणि नंतर १३ सेकंद आणि २१ पावलं, तर शंटचा फायदा होईल असं धरायला चांगला आधार मिळतो. घरच्यांनी मोबाईलवर दोन्ही वेळचा व्हिडिओ काढून ठेवावा, फरक डोळ्यांना दिसतो. फरक दिसला नाही तरी एनपीएच नाहीच असं मात्र म्हणता येत नाही, तेव्हा काही ठिकाणी दोन-तीन दिवस नळी ठेवून हळूहळू पाणी काढून बघतात.

शंट आता बहुतेक डोक्यातून कातडीखालून पोटात नेतात आणि त्याचा व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने कमीजास्त करता येतो. पाणी जास्त वाहिलं तर उभं राहिल्यावर डोकं दुखतं, कधी कवटीखाली रक्तही साठतं, म्हणून पडल्यावर किंवा अचानक सुस्ती आल्यावर लगेच स्कॅन करायला हवा. सुधारणा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त चालीत होते, स्मरणशक्तीत सगळ्यात कमी, आणि वर्षानुवर्षं "वय झालं" म्हणत काढली असतील तर एकूण सुधारणाच कमी. सोबत अल्झायमर असेल तर तो शंटने जात नाही, हे ऑपरेशनआधीच घरच्यांना सांगायला हवं.