निकोटीनची गोळी चहाबरोबर का चालत नाही
(तंबाखू सोडू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

अक्कलकोट रोडला यंत्रमाग चालवणारे एक ग्राहक दोन-अडीच महिन्यांपूर्वी आमच्या मेडिकलवर पाकीट परत करायला आले. "दोन दिवस घेतली, काही किक नाही. तंबाखूच बरी." विचारल्यावर कळलं, गोळी चहाच्या घोटाबरोबर कडाकडा चावून खात होते.

तंबाखूत चुना मळतात तो उगाच नाही. चुन्याच्या क्षारामुळं निकोटीन गालाच्या आतून चटकन रक्तात उतरतं. चघळायच्या गोळीतही सौम्य क्षार असतो, पण चहा, कॉफी, थंड पेयं आंबट गुणाची असल्यामुळं त्याचा जोर जातो. म्हणून गोळीआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. चावायचीही नाही; गाल आणि हिरडीमध्ये ठेवून अधूनमधून बाजू बदलायची. वीस-तीस मिनिटांत ती विरघळते. चावून गिळली तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, छातीत जळजळ होते आणि तलफ तशीच राहते.

नीट घेतली तरी तंबाखूसारखा झटका बसणार नाही, आणि बसूही नये. सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि व्यसन पक्कं होतं ते या वेगामुळं. गोळी हळू चढते, मात्रा ठरलेली असते, म्हणून ती सोडणंही त्यामानानं सोपं जातं. तोंडाचा कर्करोग होतो तो प्रामुख्यानं तंबाखूतल्या नायट्रोसामाइनसारख्या द्रव्यांमुळं. माव्यात सुपारीची भर पडते, आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. गोळीत यातलं काही नाही. निकोटीन मात्र आहेच. गरोदर बायका आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लहान मुलांच्या हाती तर लागूच देऊ नये, त्यांना विषबाधा होऊ शकते.

आता निकोटीन पाउच. ही गुटख्याची पुडी नव्हे. ओठाखाली ठेवायची छोटी पांढरी पिशवी असते, तंबाखूचं पान नसतं. तंबाखूपेक्षा तिच्यात विषारी द्रव्यं बरीच कमी, हे खरं. पण काही पाउचमध्ये निकोटीन गोळीच्या कितीतरी पट असतं, क्षारही घातलेला असतो, आणि कमी करत नेण्याचं वेळापत्रक नसतं. कधी तंबाखू न खाल्लेला मुलगाही त्याच्या नादी लागू शकतो. आपल्याकडं ते व्यसनमुक्तीचं औषध म्हणून मान्य नाही, त्यामुळं आम्ही ठेवत नाही.

त्या ग्राहकांची पहिली चिमूट उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागायची. अशांना सहसा ४ मिलिग्रॅमची गोळी लागते आणि तिला चिठ्ठी हवी; २ मिलिग्रॅमची बिनचिठ्ठीची मिळते. डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गोळी, पुढं तीन आठवडे दोन-चार तासांनी, मग तीन आठवडे चार-आठ तासांनी, असं लिहून दिलं. सध्या ते दुसऱ्या टप्प्यात आहेत. चहा सुटलेला नाही, फक्त गोळी विरघळल्यावर पितात.