पार्श्वभूमी : गहू तरी कुठला?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात माणूस हरवला की पोलिसांचं पत्रक निघतं आणि त्यात रंगाच्या जागी बहुतेक वेळा 'गव्हाळ' लिहिलेलं असतं. कन्नडमध्ये 'गोधी बण्ण', इंग्रजीत 'व्हीटिश'. पुढचे शब्दही ठरलेले, 'साधारण मैकट्टु' म्हणजे मध्यम बांधा. गव्हाळ रंग आणि मध्यम बांधा म्हटलं की शनिवारच्या बाजारातली निम्मी गर्दी त्यात बसते.

गंमत अशी की खानापूरकडे ताटात भात आणि अथणीकडे ज्वारीची भाकरी. गहू निघायचा तो सणाला, पोळीपुरता. तरी रंग सांगायला गहूच लागला, कारण हा शब्द स्वयंपाकघरापेक्षा दफ्तरात जास्त वावरलेला आहे. फारसीत 'गंदुम' म्हणजे गहू आणि 'गंदुमी रंग' म्हणजे गव्हाळ. मुघल फौजेत शिपायाची 'चेहरा' नावाची नोंद ठेवत, म्हणजे पगाराच्या वेळी भलताच माणूस उभा राहू नये. अशी एक नोंद छापलेली आहे. तीत रंग गव्हाळ, कपाळ रुंद, भुवया वेगळ्या, नाक उठावदार असं सगळं आहे, आणि शेवटी उजवा कान तलवारीच्या वाराने गेलेला. बदली माणूस पकडला जाणार तो त्या कानावरून. रंग आपला लिहायचा म्हणून लिहिलेला.

इंग्रजी अमलात कैद्यांची आणि फरारींची वर्णनं अशीच लिहिली जात. बोटांचे ठसे आले, १८९७ मध्ये कलकत्त्यात त्यांचं दफ्तर उघडलं, पुढे फोटो सर्रास झाले, पण रंगाचा रकाना गेला नाही. आजही एफआयआरसोबतच्या संशयिताच्या तक्त्यात लिंग, जन्मवर्ष, बांधा, सेंटिमीटरमध्ये उंची, रंग आणि मग ओळखीच्या खुणा असा क्रम आहे. उंचीला निदान माप सांगितलंय. रंगाला काहीच नाही.

बरं, गहू तरी कुठला? आमच्याकडचा खपली, कन्नडमध्ये जवे गोधी, चांगला तांबूस. बन्सी पिवळसर, शरबती सोनेरी. स्थळाच्या पत्रिकेत 'गव्हाळ' लिहिणाऱ्या आईच्या मनात शरबती असतो. पोलिसाच्या मनात बहुधा खपली. तिकडे तो शब्द मुलीला 'सावळी' म्हणणं टाळायला येतो, इकडे लेखनिकाला नीट बघायचा त्रास टाळायला. एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने २०२० मध्ये रंगाची चाळणी काढून टाकली. पत्रिकांतली 'गोरी' आणि 'गव्हाळ' मात्र जागच्या जागी आहेत.

सीमाभागात खरा घोळ होतो तो 'एण्णेगेंपु' या कन्नड शब्दाने. शब्दशः तेलकट तांबडा. तेल लावल्यासारखी तुकतुकी असलेला तांबूस-सावळा, असं फार तर म्हणता येईल. त्यातून कन्नड बोलण्यात गोऱ्या माणसालाही 'केंपु', म्हणजे तांबडा, म्हणतात. त्यामुळे नुसता 'तांबडा' धरून भाषांतर केलं तर माणूस गोरा होतो, 'तेलकट' धरलं तर काळा. मधला मार्ग म्हणून 'व्हीटिश' लिहितात, आणि त्याचं मराठी 'गव्हाळ'. माझ्या मते मराठीत 'सावळा' लिहायला हवं. आमच्या घरातच हे पटत नाही. माझी कानडी मावशी म्हणते, सावळा म्हणजे 'कप्पु', काळाच, एण्णेगेंपु नव्हे.

आमच्या आळीतल्या एका आजोबांच्या बाबतीत हेच झालं. विसरायचे, बसस्टँडवरून कुठल्याशा गाडीत बसून गेले. कन्नड पत्रकात 'एण्णेगेंपु, कोलु मुख', म्हणजे लांबट चेहरा. इंग्रजी प्रतीत 'व्हीटिश', मराठी बातमीत 'गव्हाळ', आणि फोटो वीस वर्षांपूर्वीचा, लग्नातला, पावडर लावलेला. चंदगडकडच्या एका चहावाल्याने त्यांना दोन दिवस चहा पाजला होता, बातमीही वाचली होती. "गव्हाळ म्हातारा शोधत होतो, ह्यो तर काळासावळा," असं तो नंतर सांगत होता. दुसऱ्या बातमीत मुलाने वाक्य घातलं : डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर नाही, गुऱ्हाळाच्या चरकात गेलेलं. दुसऱ्याच सकाळी फोन आला.

रंग फसवतो त्याला कारणंही साधी आहेत. ऊसतोडीला गेलेल्याचा चेहरा आणि दंडाची आतली बाजू यांत दोन माणसांइतका फरक पडतो. त्वचारोगतज्ज्ञांची १९७५ची फिट्झपॅट्रिक मोजणी लोक हल्ली रंगाचा तक्ता समजून वापरतात, पण तिच्यात प्रश्न आहे तो उन्हात कातडी भाजते की रापते हा. बेवारस मृतदेहाच्या बाबतीत तर रंग लिहूच नये. कुजायला लागलेलं शरीर हिरवट-काळं पडतं आणि फुगतं, मग बांधाही खोटा ठरतो. उरतात ते दात, जुने व्रण, बाईच्या हातावरचं गोंदण, उंची.

घरच्यांनी तक्रार देताना रंगाच्या रकान्यात लेखनिकाला हवा तो शब्द लिहू द्यावा. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जातो. त्या वेळात खुणांच्या रकान्यात कुठल्या हाताचं कितवं बोट हे लिहून घ्यावं, आणि मराठी प्रत छापायला जाण्याआधी एकदा वाचावी.