सूक्ष्म रचना आणि लॅम्ब विचलन: हायड्रोजनमधल्या दोन वेगळ्या फटी

एमएस्सीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘हायड्रोजनची दुसरी पातळी बारीक फुटते, यालाच लॅम्ब विचलन म्हणतात.’ विद्यार्थ्याने अभ्यास केलेला असतो, पण दोन शेजारच्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. पातळी फुटते हे खरं, पण ती दोनदा फुटते आणि दोन्ही वेळची कारणं अगदी निराळी आहेत.

हायड्रोजनची दुसरी पातळी, म्हणजे n = 2, घेऊ. साध्या सिद्धांतात तिच्यातल्या सगळ्या अवस्थांची ऊर्जा सारखीच असते. १९२८ मध्ये डिरॅकने सापेक्षता आणि इलेक्ट्रॉनचं स्पिन एकाच समीकरणात आणलं. त्यातून तीन नावं पुढे येतात: 2S₁/₂, 2P₁/₂ आणि 2P₃/₂. शेवटी लिहिलेला अपूर्णांक हा इलेक्ट्रॉनचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे j. डिरॅकचं समीकरण सांगतं की ऊर्जा फक्त n आणि j वर ठरते. म्हणून 2P₃/₂ बाकी दोघींपेक्षा सुमारे १०,९७० मेगाहर्ट्झने वर जाते. ही झाली सूक्ष्म रचना. तिचं मूळ इलेक्ट्रॉनच्या वेगात आणि स्पिनचा कक्षेशी जो संबंध असतो त्यात आहे. तिच्यासाठी एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन एवढं पुरतं, भोवतालच्या पोकळीचा विचारच करावा लागत नाही.

2S₁/₂ आणि 2P₁/₂ यांचं j मात्र एकच आहे. एकीत इलेक्ट्रॉन अगदी केंद्रावरही सापडतो, दुसरीत तिथे जवळजवळ नाहीच, तरी डिरॅकच्या हिशोबात दोघींची ऊर्जा तंतोतंत एक. प्रत्यक्षात 2S₁/₂ ही 2P₁/₂ पेक्षा सुमारे १,०५८ मेगाहर्ट्झने वर आहे. हे लॅम्ब विचलन. आकडा पाहिला तर सूक्ष्म रचनेचा जेमतेम दहावा भाग, म्हणूनच तिचाच एक तुकडा वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे: दोन अवस्थांचं j वेगळं असेल तर फट मुख्यतः सूक्ष्म रचनेची, आणि n व j दोन्ही सारखे असूनही फट उरली तर ती लॅम्बची.

ही फट इतकी वर्षं का दिसली नाही? १९३०च्या दशकात काहींना संशय आला होता, पण ते हायड्रोजनच्या वर्णपटातली लाल रेषा पाहत होते. खोलीच्या तापमानाला अणू इतक्या वेगाने धावतात की डॉप्लर परिणामामुळे ती रेषा साडेपाच हजार मेगाहर्ट्झच्या आसपास पसरते. एवढ्या रुंद पट्ट्यात हजार मेगाहर्ट्झचा फरक सांगणं म्हणजे धुक्यात दोन दिव्यांमधलं अंतर मोजणं.

१९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रदरफर्ड (स्पेलिंग वेगळं, अणुकेंद्र शोधणारे रदरफर्ड हे नव्हेत) यांनी लाल रेषेचा नाद सोडला आणि थेट 2S व 2P मधल्या फटीवर सूक्ष्मलहरी टाकल्या. इतक्या कमी वारंवारितेला डॉप्लरचं पसरणं नगण्य असतं. युद्धकाळात रडारसाठी तयार झालेलं सूक्ष्मलहरींचं तंत्र हाताशी होतंच. टंगस्टनच्या तापलेल्या भट्टीत हायड्रोजनचे रेणू तुटून अणू होत, त्यांचा झोत निघे, आणि वाटेत त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की थोडे अणू 2S मध्ये जात.

युक्ती आहे ती पुढे. 2P मधला अणू १.६ नॅनोसेकंदांत खाली पडतो. 2S ला मात्र एकच फोटॉन टाकून खाली उतरायची वाट जवळजवळ बंद असते, म्हणून तो ०.१२ सेकंदाच्या आसपास टिकतो. म्हणजे झोताच्या टोकापर्यंत 2S मधलेच अणू पोचतात. तिथे ते धातूच्या पत्र्यावर आदळून इलेक्ट्रॉन उडवतात आणि तेवढाच विद्युतप्रवाह मोजायचा. वाटेत योग्य वारंवारितेच्या लहरी भेटल्या तर 2S चा अणू 2P मध्ये ढकलला जातो, लगेच विझतो, आणि प्रवाह कमी होतो. लहरींची वारंवारिता बदलण्याऐवजी ती कायम ठेवून त्यांनी चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदललं, म्हणजे पातळ्याच सरकत गेल्या. प्रवाह कोणत्या क्षेत्राला पडतो ते टिपून क्षेत्र शून्य असतानाची फट काढली. ती आली सुमारे १,००० मेगाहर्ट्झ. यात एक धोका कायम असतो: थोडंसं विद्युतक्षेत्र शिरलं तरी 2S मध्ये 2P मिसळते आणि अणू लहरींशिवायच विझतात.

आता कारण. पुंज सिद्धांतात रिकाम्या पोकळीतलं विद्युतचुंबकीय क्षेत्रही पूर्ण शांत नसतं. त्याच्या चढउतारांनी इलेक्ट्रॉन सतत थरथरतो. ही थरथर अणूच्या आकाराच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असते. इलेक्ट्रॉनला मग प्रोटॉनचं आकर्षण एका बिंदूवर न जाणवता त्या छोट्याशा परिसरातलं सरासरी जाणवतं. केंद्रापाशी आकर्षणाची विहीर सर्वात तीव्र असते, आणि सरासरी घेतल्यावर तिचं टोक बोथट होतं. S अवस्थेतला इलेक्ट्रॉन केंद्रावरही सापडतो, म्हणून त्याची बांधणी सैल होऊन पातळी वर सरकते. P अवस्थेची तिथली घनता शून्य असते, म्हणून तिला या परिणामाची झळ जवळजवळ लागत नाही. मला हे चित्र फार आवडतं, कारण इलेक्ट्रॉनच्या पसरण्यातल्या फरकाला ऊर्जेचा फरक का जोडला जातो ते यात डोळ्यांसमोर उभं राहतं.

आकडा काढणं अवघड होतं, कारण हिशोब अनंताकडे जात होता. जून १९४७ मध्ये शेल्टर आयलंडच्या परिषदेत लॅम्बच्या मोजमापाची चर्चा झाली. परतताना हान्स बेथेंनी न्यूयॉर्कहून स्कनेक्टडीला जाणाऱ्या रेल्वेत हिशोब मांडला. मोकळ्या इलेक्ट्रॉनलाही पोकळी हेच करते, आणि तो भाग आपण मोजतो त्या वस्तुमानात आधीच आलेला आहे. मग बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या हिशोबातून तो वजा करायचा. उरलेलं फारच हळू वाढत होतं. ते इलेक्ट्रॉनच्या विश्राम ऊर्जेपाशी तोडलं आणि उत्तर आलं १,०४० मेगाहर्ट्झ. ही वजाबाकीची रीत, म्हणजे पुनर्सामान्यीकरण, पुढच्या पुंज विद्युतगतिकीचा पाया ठरली. लॅम्ब यांना १९५५ मध्ये नोबेल मिळालं.

पोकळीचा दुसराही एक परिणाम आहे: तिच्यात क्षणभर उमटणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या प्रोटॉनच्या भाराभोवती पडदा धरतात, आणि इलेक्ट्रॉन त्या पडद्याच्या आत शिरला की आकर्षण वाढतं. हायड्रोजनमध्ये हा वाटा फक्त २७ मेगाहर्ट्झचा, आणि तोही 2S ला खाली ओढणारा. इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्यासारखाच, पण २०७ पट जड असलेला म्युऑन हा कण ठेवला की चित्र पालटतं. म्युऑन प्रोटॉनच्या सुमारे १८६ पट जवळ असतो, पडद्याचा परिणाम सगळ्यात मोठा ठरतो आणि 2S ही 2P च्या खाली जाते. इथे सूक्ष्म रचनाच लॅम्ब विचलनापेक्षा खूप लहान असते.

एवढ्या जवळून प्रोटॉनचा आकारही फटीत ठळक दिसतो. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत म्युऑनी हायड्रोजनची ही फट लेझरने मोजली गेली, आणि २०१० मध्ये प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर जाहीर झाली. तोवर मान्य आकडा होता ०.८८ च्या जवळपास. चूक सिद्धांतात, म्युऑनमध्ये की जुन्या मोजमापांत, हे काही वर्षं कळेना. २०१९ मध्ये कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या गटाने साध्या हायड्रोजनची, लॅम्बचीच, 2S–2P फट नव्याने मोजली. त्रिज्या आली ०.८३३ फेम्टोमीटर, अनिश्चितता ०.०१०, म्हणजे म्युऑनच्या बाजूची.