अठरा अक्षरं, सोळा पावलं: चालत्या नामघोषामागची गोष्ट

चालता चालता नाम घ्यायचं, एका पावलाला एक अक्षर, असं ठरवलं की पहिली अडचण लगेच येते. अक्षर मोजायचं कसं? कागदावरचं की तोंडातलं? मी आधी कागदावरचं मोजत होतो आणि सगळं चुकत होतं, म्हणून हे जरा मागून, इतिहासापासून सांगतो.

आपल्याकडे अक्षरं मोजून लिहायची सवय वारकरी संतांच्या अभंगांत दिसते. अभंगात लघु-गुरूची भानगड नाही, नुसती संख्या. हरिपाठाची पहिलीच ओळ बघा, दे-वा-चि-ये-द्वा-री सहा, उ-भा-क्ष-ण-भ-री सहा, ते-णे-मु-क्ति-चा-री सहा आणि सा-धि-ये-ल्या चार. यात 'क्षणभरी' बोलताना आपण क्षण-भ-री असं तीनच तुकड्यात म्हणतो, पण अभंगात ते चार धरलंय, कारण गाताना 'ण' उघडा होतो, सुटा ऐकू येतो. म्हणजे हा हिशोब बसून, सावकाश गायचा. पाय चालायला लागले की तो बदलतो.

आणि पाय चालणारच होते, कारण वारी होती. तुकोबांना स्वप्नात बाबाजींकडून 'राम कृष्ण हरि' हा मंत्र मिळाला हे त्यांनीच अभंगात सांगितलंय. १६५० मध्ये तुकोबा गेले. पुढे १६८५ मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही एकत्र पंढरपूरला न्यायला सुरुवात केली, आणि 'ज्ञानोबा तुकाराम' हे भजन तिथूनच सुरू झालं असं परंपरा मानते. मला हे पटतं, कारण त्या घोषात नेमकी तीच दोन नावं आहेत जी त्या पालखीत शेजारी शेजारी होती.

आता हा घोष पावलावर टाकून बघा. ज्ञा-नो-बा, तीन. तु-का-राम, तीन, कारण चालताना 'राम' मधला म कुणी वेगळा म्हणत नाही. सहाच झाले. पण प्रत्येक नावानंतर एक पाऊल रिकामं जातं, तोंड बंद, फक्त टाळ वाजतो. तीन आणि एक चार, परत तीन आणि एक चार, मिळून आठ. भजनी ठेका पण आठ मात्रांचाच, म्हणून पखवाज, टाळ आणि पाय एकमेकांना सोडत नाहीत.

हे रिकामं पाऊल मला कळलं तेव्हा बाकीचे घोष पण मोजत सुटलो. जय-जय-राम-कृष्-ण-ह-री, सात आणि एक रिकामं. समर्थांचा त्रयोदशाक्षरी मंत्र लिहिताना तेरा अक्षरांचा, पण चालताना श्री-राम-जय-राम-जय-जय-राम, सातच, वर एक रिकामं. जेजुरीचं येळ-कोट-येळ-कोट-जय-मल्-हार, तेही सात! वेगवेगळी दैवतं, वेगवेगळे संप्रदाय आणि पाय सगळ्यांचे आठावर येतात. त्या एका रिकाम्या पावलात श्वास घेतला जातो, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

१८३२ च्या सुमाराला हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीचा वेगळा सोहळा बांधला. साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे लष्करातली शिस्त त्यांनी दिंड्यांच्या क्रमात आणली असं सगळेच सांगतात. घोषापुरतं बघायचं तर दिंडीत मध्ये विणेकरी, टाळकऱ्यांच्या रांगा, एका बाजूने म्हटलं की दुसरी उचलते, म्हणजे प्रत्येकाला श्वासाला एक अख्खी फेरी मिळते. एकट्याने चालताना ही सोय नसते आणि हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

कारण यानंतरचा माझा सगळ्यात आवडता नमुना दत्त संप्रदायातला आहे. वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामी, जन्म १८५४, सिंधुदुर्गातलं माणगाव, संन्यास घेतल्यावर देशभर पायी फिरले आणि १९१४ ला नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधी. त्यांनी दिलेला मंत्र, दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा, याला अष्टादशाक्षरी म्हणतात, आणि लिहून मोजलं की खरंच चार, चार, सहा, चार अशी अठरा होतात. पण म्हणत चाला. दि-गं-ब-रा, दि-गं-ब-रा, श्री-पाद-वल्-लभ, दि-गं-ब-रा. चार, चार, चार, चार! तिसऱ्या तुकड्यातली सहा अक्षरं बोलताना चार उच्चारांत बसतात, द मागच्या पा ला चिकटतो आणि भ ल ला. सोळा पावलं, दर वेळी 'दि' त्याच पायावर येतो.

पण इथे रिकामं पाऊल नाही. मिनिटाला साधारण शंभर पावलं धरली तर सोळा पावलांना दहा सेकंद लागतात, एकट्याने सलग म्हणताना तिसऱ्या-चौथ्या फेरीला दम लागतो. हे ओळखायची खूण म्हणजे शेवटचा 'रा' तोकडा होतो, श्वास तिथून चोरला जातो आणि त्या पावलाची लांबी पण कमी होते. दोघं असाल तर एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं. एकटे असाल तर एक फेरी मोठ्याने, एक मनात. मी तसंच करतो.

आता आमची फजिती. मागच्या वर्षी आम्ही सहा-सात जण एकादशीला पहाटे पुण्याहून पायी आळंदीला जायचो आणि कुणीतरी म्हणालं की आपला स्वतःचा घोष करूया. मी लिहून आणला, हरि विठ्ठल जय हरि विठ्ठल. कागदावर छान दिसला. रस्त्यावर दहा मिनिटांत गोंधळ, कुणी पुढे कुणी मागे, टाळवाला दादा वैतागून थांबलाच. मग दिव्याखाली उभं राहून बोटावर मोजलं. ह-रि-विठ्-ठल-जय-ह-रि-विठ्-ठल, नऊ! विषम आकडा, म्हणजे एका फेरीत सुरुवात डाव्या पायावर तर पुढच्या फेरीत उजव्यावर, आणि टाळाचा ठोका आठाला पडणार तो आमच्या पायाशी जुळणार कसा. शांतपणे एकट्याने, टाळाशिवाय चालणाऱ्याला विषम चालतं, दोन्ही पायांना आळीपाळीने सुरुवात मिळते, काही जण मुद्दाम तसं करतात. ठेक्यावर मात्र नाही.

आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अरे तो जय काढ की." काढला. ह-रि-विठ्-ठल ह-रि-विठ्-ठल, आठ, आणि जोराचा 'विठ्' कायम डाव्या पायावर. पण श्वासाला जागा उरली नाही, म्हणून दोन फेऱ्या म्हणायच्या आणि पुढची आठ पावलं नुसता टाळ, असं ठरलं.

एक गोष्ट अजून राहिली. चढ आला, चाल मंदावली की 'विठ्ठल' आपोआप वि-ठ्ठ-ल होतो, ल उघडा होतो, अभंगातल्यासारखा, आणि मोजणी परत बिघडते. तेव्हा नाव ताणायचं नाही, एका उच्चाराला दोन पावलं द्यायची. आळंदीच्या अलीकडे आम्ही थकून तसंच चाललो, विठ् ला दोन, ठल ला दोन, आणि इंद्रायणीचा पूल येईपर्यंत टाळ एकदाही चुकला नाही.