बायोस की चिपसेट ड्रायव्हर? गेम अडखळतो तेव्हा हात कशाला लावायचा

कुणी विचारलं की "गेम मधूनच अडकतोय, काय करू?", तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "बायोस, चिपसेट, सगळं लेटेस्ट मार." हे वाचून माझं डोकं फिरतं. तापावर, पोटदुखीवर आणि मोडलेल्या हातावर एकच गोळी द्यावी, तसला हा सल्ला. यातली एक गोष्ट पाच मिनिटांत काढून टाकता येते. दुसरी करताना लाइट गेली तर मदरबोर्ड मुका होऊन बसतो.

चिपसेट ड्रायव्हर तुम्हाला ओळखीचाच आहे, कारण ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरसारखाच तो विंडोजमध्ये बसतो. डाउनलोड, इन्स्टॉल, रीस्टार्ट. पटला नाही तर अनइन्स्टॉल. बायोस मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं आणि विंडोज पुसून नव्याने टाकलं तरी ते जसंच्या तसं राहतं. इथवर कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो पुढच्या समजुतीने: "बायोसचं काम मशीन चालू करून देण्यापुरतं. एकदा विंडोज आलं की त्याचा संबंध संपला. म्हणजे गेम खेळताना त्रास होत असेल तर दोष ड्रायव्हरचाच." ऐकायला पटतं, पण चूक आहे. एएमडीच्या बोर्डांवर बायोसच्या फाइलमध्ये `AGESA` नावाचा एक मोठा गठ्ठा असतो. तो खुद्द एएमडीकडून येतो, बोर्ड बनवणारे फक्त त्याभोवती आपलं कवच चढवतात. प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचं, मेमरी कशी जुळवायची, प्रोसेसरच्या आतला सुरक्षा-विभाग कसा चालवायचा, हे त्यात ठरतं. त्यातला काही भाग विंडोज आल्यावरही खाली चालूच असतो, आणि विंडोजला त्याचा पत्ता नसतो. चिपसेट ड्रायव्हर मात्र विंडोजच्या कानाशी लागून बोलतो: कुठला कोअर वेगवान आहे, कुठल्याला झोपवायचं, गेम कुणाकडे सोपवायचा. एक हार्डवेअरची वागणूक बदलतो, दुसरा विंडोजचे निर्णय बदलतो. त्रास यातल्या कुणामुळे आहे ते आधी ठरवायचं, मग अपडेट.

याची दोन उदाहरणं सहा महिन्यांच्या आत घडली, तीही रायझनच्याच बाबतीत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि रायझनवर गेम मंदावले. दोन कारणं निघाली. प्रोसेसरच्या एल३ कॅशपर्यंत, म्हणजे त्याच्या आतल्याच झटपट मेमरीपर्यंत, पोचायला जास्त वेळ लागत होता, आणि सगळ्यात चपळ कोअर कुठला हे प्रोसेसर सांगत असताना विंडोज ते नीट ऐकत नव्हतं. एएमडीने स्वतःच सांगितलं की फटका बसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण ३ ते ५ टक्के नुकसान होतं, काही ई-स्पोर्ट्स गेममध्ये १० ते १५ टक्क्यांपर्यंत. कॅशचा दोष विंडोजच्या `KB5006746` अपडेटने गेला, आणि कोअर निवडण्याचा दोष चिपसेट ड्रायव्हर `3.10.08.506` ने. बायोसचा यात काहीच हात नव्हता. त्या महिन्यात ज्यांनी घाबरून बोर्ड फ्लॅश केला, म्हणजे नवं बायोस टाकलं, त्यांनी जोखीम फुकट घेतली.

मार्च २०२२ मध्ये एएमडीने दुसरी गोष्ट मान्य केली. काही रायझन मशीन अधूनमधून क्षणभर गोठत होत्या. कारण होतं एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरच्याच आत चालणारं सुरक्षा-मॉड्यूल. ते आपली माहिती मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये ठेवतं, आणि त्या चिपशी त्याचा व्यवहार कधीकधी लांबायचा. तो संपेपर्यंत अख्खी मशीन ताटकळायची. उपाय `AGESA 1.2.0.7` वर आधारलेल्या बायोसमध्ये होता. चिपसेट ड्रायव्हर हजारदा टाकला असता तरी फरक पडला नसता, कारण ही अडवणूक विंडोजच्या खालच्या मजल्यावर होती.

माझा भाचा नेमका यातच अडकला होता. रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, ३६०० ची १६ जीबी मेमरी, विंडोज ११. व्हॅलोरंट खेळताना तासा-दीड तासात एकदा सगळं गोठायचं. "मामा, चिपसेट ड्रायव्हर तीनदा टाकला, आता विंडोजच उडवतो." मी म्हटलं, थांब, गोठतं तेव्हा आवाजाचं काय होतं? "आवाज पण फाटतो, माउस पण हलत नाही. एक-दोन सेकंद. मग जणू काही झालंच नाही."

इथेच अर्धं निदान झालं. नुसते फ्रेम पडत असतील आणि आवाज व माउस ठीक असतील, तर ग्राफिक्स कार्ड, तापमान किंवा गेम स्वतः यांच्याकडे बघा. चित्र, आवाज आणि माउस एकदम थांबत असतील, वेळ ठरलेली नसेल आणि गेम बंद असतानाही कधीकधी तसंच होत असेल, तर संशय खाली वळवायचा. `msinfo32` उघडून `BIOS Version/Date` बघितलं. तारीख २०२१ ची. म्हणजे सुधारणेच्या आधीचं बायोस.

खात्री करायला एफटीपीएम तात्पुरतं बंद करून एक संध्याकाळ खेळून बघता येतं. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूटशिवाय सुरूच होत नाही, म्हणून त्याला दुसरा गेम खेळायला लावला. संध्याकाळभर एकदाही गोठलं नाही. मग एफटीपीएम परत चालू केलं आणि बायोस बदलायचं ठरवलं.

या दोन्ही पायऱ्यांआधी एक काम करायचं असतं, आणि निम्मे लोक तेच विसरतात. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असेल तर एफटीपीएम बंद केल्यावर किंवा बायोस बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. नव्या लॅपटॉपवर आणि काही तयार मशीनवर तुम्हाला न विचारताच एन्क्रिप्शन चालू असतं. ती की आधी कुठेतरी लिहून ठेवा आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

सगळं आटोपल्यावर `-disable` च्या जागी `-enable` लिहायचं आणि शेवटचा `-RebootCount 0` काढून टाकायचा. फाइल एफएटी३२ पेनड्राइव्हवर घेतली, बायोसच्या आतल्याच फ्लॅश सोयीने टाकली, आणि मशीन यूपीएसवर ठेवली. विंडोजमधून बायोस फ्लॅश करणारी जी चकचकीत सॉफ्टवेअर येतात, त्यांना मी हात लावत नाही. मध्येच विंडोज अडकलं तर बोंब.

गोठणं थांबलं. पण दुसऱ्या दिवशी फोन आला: "मामा, अडकत नाही, पण एफपीएस कमी झालेत. नवं बायोस बेकार आहे." टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघायला सांगितला. २१३३! बायोस बदललं की बहुतेकदा सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात. मेमरी पूर्ण वेगाने चालवणारा एक्सएमपी बंद होतो आणि ३६०० साठी पैसे मोजलेली मेमरी बैलगाडीच्या वेगाने चालते. ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारा रिसायझेबल बारही बंद होऊ शकतो. त्यासाठी `Above 4G Decoding` चालू आणि `CSM` बंद लागतं. सिक्युअर बूट गेलं तर व्हॅलोरंट `VAN9003` दाखवून बसतो. म्हणून फ्लॅश करण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. "बायोस अपडेटने गेम स्लो झाला" असं जिथे वाचाल, तिथे आधी एक्सएमपी तपासला का ते विचारा. माझ्या हाती आलेल्या मशीनमध्ये बहुतेकदा तेच निघालं.

आता ड्रायव्हर खरोखर कुठे कामाला येतो, तेही बघू. ७९५०एक्स३डी सारख्या प्रोसेसरमध्ये कोअरचे दोन गट असतात आणि जादा कॅश त्यातल्या एकावरच असते. गेम त्या कॅशवाल्या गटावरच चालायला हवा, आणि त्याची व्यवस्था चिपसेट ड्रायव्हर व विंडोजचा गेम बार मिळून करतात. ड्रायव्हर नसेल किंवा गेम बार काढून टाकला असेल, तर महागड्या प्रोसेसरचा अर्धा फायदा पाण्यात. गेम चालू असताना रिसोर्स मॉनिटर उघडा. दुसऱ्या गटाच्या कोअरसमोर `Parked` दिसायला हवं. ७८००एक्स३डी मध्ये गट एकच, त्यामुळे तिथे ही डोकेदुखी नाही. ते घेणाऱ्याने दर महिन्याला चिपसेट ड्रायव्हर शोधत बसू नये.

इंटेलच्या बाजूला चिपसेट पॅकेज म्हणजे बऱ्याच अंशी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावं नीट दिसावीत एवढ्यासाठीच्या मजकुराच्या फाइली. त्यांच्यावर १८ जुलै १९६८ ही इंटेलच्या स्थापनेची तारीख मुद्दाम टाकलेली असते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या खऱ्या ड्रायव्हरवर त्या कुरघोडी करत नाहीत. ती तारीख बघून "ड्रायव्हर पन्नास वर्षं जुना आहे" असं ओरडणारी ड्रायव्हर-अपडेटर सॉफ्टवेअर मशीनवरून आजच काढा.

पण इंटेलच्याच १३व्या आणि १४व्या पिढीच्या ६५ वॉट व त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी माझा नियम उलटा आहे. तिथे बायोस बदलायचंच, गेम मस्त चालत असला तरी. जादा व्होल्टेजने ते प्रोसेसर झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये `0x129` आणि सप्टेंबरमध्ये `0x12B` हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कामकाजाच्या सूचना, बायोसमधून आला. एफपीएस वाढवणं हा त्याचा हेतूच नाही. झीज थांबवायला तो आहे, झालेली झीज तो भरून काढत नाही. गेम उघडताना ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा खोटा निरोप येत असेल, तर बायोस टाकून वाट बघू नका, वॉरंटीत द्या. इंटेलने ती दोन वर्षांनी वाढवली आहे.

बाकीच्यांनी बोर्डाच्या पानावरची टीप वाचावी. "सिस्टिम परफॉर्मन्स सुधारला" एवढंच लिहिलं असेल तर मी ते बायोस घेत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. टिपेत माझा प्रोसेसर, माझी मेमरी किंवा माझा त्रास नावानिशी असेल, नाहीतर सुरक्षेचं छिद्र बुजवलेलं असेल, तर घेतो. बीटा घेत नाही. परत फिरता येतं का, तेही बघतो. काही बोर्डांवर नवं टाकलं की जुनं पुन्हा बसत नाही, आणि जुन्या बी४५० बोर्डांपैकी काहींवर नव्या प्रोसेसरला जागा करताना जुन्या प्रोसेसरचा आधारच काढला गेला.

माझ्या स्वतःच्या बी४५० बोर्डावर ५८००एक्स३डी बसवण्यापुरतं बायोस टाकलं होतं, तेच आजही आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येक आवृत्तीची टीप वाचली आणि पान बंद केलं. भाचा अजूनही विचारतो, "मामा, तुझं एवढं जुनं कसं?"